कॉफीचा फेस येत नाही, की आलेला टिकत नाही?

"वहिनी, पुन्हा काळं पाणीच झालं!"

रविवारी दुपारी नणंदेचा फोन आला तो याच वाक्याने. आदल्या रविवारी तिने फोटो पाठवला होता. त्यात ग्लासावर फेस होता, चांगला बोटभर उंच. पंधरा मिनिटांनी दुसरा फोटो आला, त्यात फेस खाली बसलेला आणि ज्या वाटीत तो फेटला तिच्या बुडाशी काळपट पाक साचलेला. या रविवारी मात्र वीस मिनिटं फेटूनही फेस आलाच नाही. कृती तीच, बीटर तोच. तिच्या लेखी दोन्ही वेळा एकच गोष्ट घडली होती, ती म्हणजे "मला जमत नाही." माझ्या मते मात्र घडल्या होत्या दोन गोष्टी, आणि दोन्हींची कारणं एकमेकींपासून बरीच लांब होती.

फेटलेली कॉफी म्हणजे इन्स्टंट कॉफी, साखर आणि पाणी फेटून केलेला फेस थंड दुधावर घालून प्यायची कॉफी. ती बिघडली की लोक आधी कॉफीचा ब्रँड बदलतात, मग बीटर, मग पाण्याचं तापमान. त्यापेक्षा एक प्रश्न आधी विचारावा. फेस येतच नाही, की येतो आणि बसतो? उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. पण त्या उत्तराचा उपयोग करायचा तर हा फेस मुळात कशाचा असतो ते समजायला हवं, आणि त्यासाठी कारखान्यात डोकवावं लागतं.

बरणीतली भुकटी कशी बनते

इन्स्टंट कॉफी म्हणजे बारीक दळलेली कॉफी नव्हे. ती आधी कोणीतरी करून ठेवलेली, नंतर वाळवलेली कॉफी आहे. कारखान्यात भाजलेल्या बिया जाडसर दळून उंच पोलादी नळकांड्यांत भरतात. अशी पाच-सहा किंवा जास्त नळकांडी ओळीने जोडलेली असतात आणि त्यांतून दाबाखाली गरम पाणी फिरतं. गंमत पाण्याच्या वाटेत आहे. सर्वांत तापलेलं पाणी आधी त्या नळकांड्यात जातं, ज्यातल्या कॉफीचा जवळपास चोथा झाला आहे. तिथून ते पुढेपुढे सरकत, थोडं थोडं निवत, शेवटी ताज्या कॉफीपर्यंत पोचतं. ताज्या कॉफीतला सहज सुटणारा भाग कमी उष्णतेत सुटतो आणि चोथ्यात अडकलेला चिवट भाग जास्त उष्णतेने सोडवला जातो.

त्या चोथ्याच्या टोकाला पाणी १५० ते १८० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. घरी उघड्या पातेल्यात पाणी शंभराच्या वर जात नाही, इथे दाबामुळे जातं. एवढ्या उष्णतेत बियांच्या पेशीभित्तिकांमधल्या लांबलचक साखळ्यांचे, म्हणजे पॉलिसॅकराइडचे, तुकडे पडतात आणि ते पाण्यात विरघळतात. घरी गाळून केलेल्या कॉफीत दळलेल्या कॉफीचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो. कारखाना त्याच कॉफीतून दुप्पट किंवा त्याहूनही जास्त काढतो. चवीच्या दृष्टीने हे फार कौतुकाचं नाही, इन्स्टंट कॉफीला जो थोडा करपट, लाकडी वास येतो त्यामागे ही ओढाताण आहेच. पण फेसाच्या दृष्टीने हीच चैन आहे. भाजताना प्रथिनं आणि शर्करा एकत्र येऊन बनलेले तपकिरी पदार्थ हवेच्या बुडबुड्याभोवती आवरण धरतात, आणि हे विरघळलेले साखळ्यांचे तुकडे त्या आवरणाला व आतल्या द्रवाला दाटपणा देतात.

१९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली, तेव्हा सुगंध धरून ठेवायला तिच्यात वेगळे कर्बोदक पदार्थ मिसळलेले होते. पुढे तसेच पदार्थ खुद्द बियांतून काढण्याचं तंत्र बसलं आणि बरणीत निव्वळ कॉफी भरता येऊ लागली.

दुसरी गोष्ट तेलाची. भाजलेल्या बियांत वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास तेल असतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे बहुतेक सगळं चोथ्यातच राहतं आणि अर्क गाळताना जे थोडं आलेलं असतं तेही बरंचसं निघून जातं. म्हणून इन्स्टंट कॉफीत तेल नावापुरतंच उरतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग अर्क आटवतात. सुगंध आधीच वेगळा काढून ठेवतात आणि नंतर परत मिसळतात. वाळवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत अर्काचे बारीक तुषार उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून गरम हवेत सोडतात. खाली येईपर्यंत प्रत्येक थेंबाची पोकळ, हलकी गोळी होते. या भुकटीला वाफेचा हलका ओलावा देऊन कण एकमेकांना चिकटवले की रवाळ दाणे तयार होतात. दुसऱ्या रीतीत अर्क उणे ४० अंशांच्या आसपास गोठवून फोडतात आणि निर्वातात ठेवतात. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडून जातो आणि मागे सच्छिद्र खडे उरतात. दोन्ही रीतींत वाळवण्याआधी अर्कात वायू सोडून दाणा हलका किंवा फिकट करता येतो. याचा अर्थ असा की दोन बरण्यांतली कॉफी एकाच चमच्याने मोजली तरी एकाच वजनाची असेलच असं नाही. नणंदेच्या पहिल्या रविवारचं अर्धं गूढ इथेच होतं.

जमलेला फेस ओळखायचा कसा

२०२० साली दालगोना या नावाने गाजलेली कृती तुम्हाला ठाऊक असेलच. कॉफी, साखर आणि गरम पाणी, तिन्ही दोन-दोन टेबलस्पून. (दालगोना ही मूळची कोरियातली साखरेची खुसखुशीत वडी. रंग आणि चव तिच्यासारखी म्हणून नाव चिकटलं.) माझ्या चमच्याने हे वजन भरतं असं: कॉफी १० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, पाणी ३० ग्रॅम. एकूण ६५ ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटीसुद्धा नाही. चांगलं फेटल्यावर त्याचा २०० मिलीचा कप भरतो, म्हणजे आकार जवळपास चौपट होतो.

वाटेतले टप्पे डोळ्यांना दिसतात. आधी काळ्या द्रवावर मोठाले बुडबुडे येतात आणि फुटतात. मग रंग तांबूस होतो. नंतर बीटर फिरला की मागे रेघ राहते, पण लगेच मिटते. शेवटी रंग फिका बदामी होतो, रेघ मिटत नाही आणि बीटर उचलल्यावर टोक उभं राहतं. विजेच्या बीटरने याला चार-पाच मिनिटं पुरतात, हाताने तारेच्या व्हिस्कने बारा-पंधरा. नुसत्या चमच्यानेही होतं, पण मनगटाची तयारी ठेवा.

पाणी गरम का? फक्त विरघळवण्यासाठी. गार पाण्यातही फेस येतो, मात्र साखरेचे दाणे विरघळायला वेळ लागतो. पाणी उकळतं नव्हतं म्हणून फेस आला नाही, हे कारण मनातून काढून टाका.

येतच नसेल तर

पाच मिनिटं बीटर फिरवूनही मिश्रण काळं आणि पातळच राहिलं, वर साबणाच्या पाण्यासारखे चार बुडबुडे येऊन विरले, तर बहुतेक वेळा स्निग्ध पदार्थ आत शिरलेला असतो. बुडबुड्याचं आवरण ज्या पदार्थांनी बनतं, त्यांच्या जागी तेलाचे सूक्ष्म थेंब घुसतात आणि आवरण तिथेच फाटतं. थोडंसं तेलही पुरतं.

नणंदेला मी विचारलं, "कशात फेटलंस?"

"नेहमीच्याच भांड्यात, प्लास्टिकच्या."

"त्यात आधी काय केलं होतंस?"

थोडा वेळ शांतता. "काल केकसाठी लोणी फेटलं होतं. पण धुतलंय हो मी!"

धुतलं असणारच. पण प्लास्टिकला ओशटपणा धरून ठेवायची खोड असते आणि बारीक ओरखड्यांत तो साबणालाही दाद देत नाही. बोट फिरवून पाहा, भांडं करकरलं तर स्वच्छ, गुळगुळीत सरकलं तर नाही. बीटरच्या पात्यांचा जोडही तपासा, तिथे लोणी लपून बसतं. स्टील किंवा काचेचं भांडं घ्या, ते आणि पाती दोन्ही गरम पाण्याने व साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा.

माझ्या म्हणण्यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून मी घरी एक प्रयोग केला. १० ग्रॅम कॉफीचं मिश्रण विरघळवून दोन सारख्या वाट्यांत वाटून घेतलं. एकीत पाव चमचा वितळलेलं लोणी टाकलं. आधी बिनलोण्याची वाटी फेटली, चार मिनिटांत टोकं उभी राहिली. लोण्याची वाटी तेवढाच वेळ फेटल्यावर रंग जरा उजळला, बस. आणखी पाच मिनिटांनीही ती पातळच होती.

स्निग्धपणा भांड्यातूनच येतो असं नाही. पाण्याऐवजी सायीचं दूध घातलं तरी तीच गत. दूध पेल्यात, फेस वाटीत, दोघांची भेट शेवटी. आणि बरणीतच स्निग्ध पदार्थ असू शकतो. पाकिटातल्या तयार मिश्रणात कॉफी, साखर आणि दुधाची किंवा वनस्पती तेलाची भुकटी एकत्र असते. त्यात कॉफीचा वाटा थोडा आणि तेलाचा पुरेसा, त्यामुळे ते फेटण्यात अर्थ नाही. काही इन्स्टंट कॉफीत चवीसाठी अतिशय बारीक दळलेली खरी कॉफीही मिसळलेली असते, तिच्यासोबत बियांतलं तेल परत येतं. शंका असेल तर काचेच्या ग्लासात गरम पाणी घेऊन त्यात एक चमचा भुकटी ढवळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. पाणी गढूळ दुधट झालं तर ते मिश्रण आहे. तळाशी गाळ बसला तर त्यात दळलेली कॉफी आहे. काळसर पण स्वच्छ, गाळाविना राहिलं तर भुकटी फेटण्याजोगी आहे.

चिकोरी मिसळलेली इन्स्टंट कॉफी या चाचणीत पास होते आणि फेटलीही जाते. फक्त चिकोरीचा वाटा जितका जास्त, तितकी चमच्यातली कॉफी कमी, हे धरून भुकटी थोडी वाढवावी. कॅफीन काढून टाकलेली कॉफीही नीट फुगते, कारण फेसाचा कॅफीनशी संबंध नाही.

गाळलेल्या कॉफीचा किंवा एस्प्रेसोचा फेस का फेटता येत नाही, हेही इथेच कळतं. गाळलेल्या कॉफीत शंभर ग्रॅममागे विरघळलेला ऐवज जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम असतो, एस्प्रेसोत आठ ते बारा. आपल्या मिश्रणात साखर बाजूला ठेवली तरी ४० ग्रॅममध्ये १० ग्रॅम कॉफी, म्हणजे शंभराला २५. शिवाय एस्प्रेसोत तेलाचे थेंब असतातच. त्यावरचा तो सोनेरी थर भाजलेल्या बियांतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येतो, त्याचं काम वेगळं.

एक किरकोळ कारण राहिलं. मोठ्या पातेल्यात चमचाभर मिश्रण घेतलं तर बीटरची पाती त्यात बुडतच नाहीत, नुसती हवा कापतात. अरुंद, उभट भांडं घ्या किंवा पातेलं तिरकं धरा.

येतो पण बसत असेल तर

आता पहिला रविवार. तेव्हा भांडं स्वच्छ होतं, फेस आला, आणि पंधरा मिनिटांत त्यातून पाक गळाला. इथे तेलाचा दोष नाही. तेल असतं तर फेस आलाच नसता.

फेस म्हणजे हवेच्या बुडबुड्यांमधल्या फटींत अडकलेला द्रव. तो द्रव सतत खाली ओघळत असतो. द्रव पातळ असेल तर झरझर उतरतो, भिंती पातळ होतात, लहान बुडबुड्यांतली हवा मोठ्यांत जाते आणि फेस खरखरीत होऊन बसतो. दाट असेल तर हेच सगळं इतकं सावकाश होतं की तोपर्यंत तुमचं पिऊन झालेलं असतं. साखर नेमकं हे काम करते. फेस आणते कॉफी, आणि साखर त्याला वेळ मिळवून देते. साखरेशिवाय फेटून पाहा, फेस येईल, पण फार वेळ उभा राहणार नाही.

"साखर किती घातलीस?"

"एकच चमचा. दोन फार गोड होतात. आणि बाकी सगळं सांगितलं तसंच."

ते "बाकी सगळं तसंच" घातक ठरलं. तिला मी वजनकाटा काढायला लावला. तिची नवी बरणी खड्यांच्या हलक्या कॉफीची होती, दोन टेबलस्पून भरले ७ ग्रॅम. साखर १२ ग्रॅम. पाणी मात्र पूर्ण ३० ग्रॅम. म्हणजे ४९ ग्रॅम मिश्रणात घन ऐवज १९ ग्रॅम, शंभरात ३९ भाग. मूळ प्रमाणात ६५ ग्रॅममध्ये ३५ ग्रॅम घन असतं, शंभरात ५४. ३९ आणि ५४ मधला फरक आकड्यात लहान वाटतो, पण पाकाच्या बाबतीत तो सरबत आणि काकवी यांच्यामधल्या अंतरासारखा आहे.

गोड कमी हवं असेल तर साखरेबरोबर पाणीही कमी करा. हेच तिला सांगितलं. कॉफी १० ग्रॅम (तिच्या बरणीतून जवळजवळ तीन टेबलस्पून), साखर १२ ग्रॅम, पाणी १८ ग्रॅम. एकूण ४० ग्रॅममध्ये २२ ग्रॅम घन, शंभरात ५५. साखर निम्म्याहून कमी आणि दाटपणा मूळच्या एवढाच. फेस थोडा कमी निघतो, कारण मिश्रणच कमी आहे, आणि चवीला जास्त कडू लागतो, पण उभा राहतो.

गोडीचे थेंब किंवा चिमूटभर लागणाऱ्या गोळ्या इथे साखरेची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांत गोडी असते, वजन नसतं, त्यामुळे पाणी पातळच राहतं. एरिथ्रिटॉल किंवा झायलिटॉलसारखी चमच्याने मोजून घालायची पर्यायी साखर बरीच बरी, कारण ती द्रवात खरोखर भर घालते.

बसण्याचं दुसरं कारण म्हणजे घाई. रंग उजळला की झालं असं वाटतं, पण बुडबुडे अजून डोळ्यांना वेगवेगळे दिसत असतील तर ते मोठे आहेत आणि लवकर फुटणार आहेत. पृष्ठभाग गुळगुळीत, मलमासारखा दिसेपर्यंत थांबू नका.

एकदा बसलेला फेस टाकून देऊ नका. खालच्या पाकासकट परत फेटला की तो पुन्हा उभा राहतो. झाकण लावून फ्रिजमध्येही ठेवता येतो, गारव्यात पाक सावकाश उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं फेटला की काम भागतं.

बरणीतली कॉफी ओलाव्याने गोळा झाली असेल तर? ती भुकटी हवेतलं पाणी ओढून चिकट होते, वासही उतरतो. पण पूर्ण विरघळली तर फेस येतो. गुठळ्या तशाच राहिल्या तर मात्र जेवढी मोजली तेवढी कॉफी मिश्रणात उतरतच नाही. आधी गरम पाण्यात मोडून घ्या, मग फेटा.

ग्लासात

ग्लास बर्फाने भरा आणि वर दोन बोटं जागा ठेवून थंड दूध ओता, साधारण १५० मिली. फेस चमच्याने वर पसरा, ओतू नका. त्यात हवा भरलेली असल्याने तो दुधावर तरंगतो. ज्या बाजूला दूध लागतं तिथून तो विरघळत जाणारच, दुधातला स्निग्धांशही त्याला पोखरतो. तपकिरी धागे खाली उतरताना दिसले तर तो बिघाड समजू नका. फेस लगेच बुडाला तरच तो अर्धवट फेटलेला होता.

१० ग्रॅम कॉफीचा फेस एका ग्लासात घालू नका. इन्स्टंट कॉफीत साधारण तीन टक्के कॅफीन धरलं तर ते ३०० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. युरोपियन फूड सेफ्टी ऑथॉरिटीने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंतेचं नाही असं म्हटलं आहे. गरोदर बाईसाठी तर दिवसभराचीच मर्यादा २०० आहे. एवढ्या फेसाचे दोन ग्लास सहज होतात, तीनही होतील.

तिसऱ्या रविवारी नणंदेने स्टीलच्या उभट भांड्यात, काट्यावर मोजून, १०-१२-१८ चं मिश्रण फेटलं. पाच मिनिटांत टोकं उभी राहिली आणि अर्ध्या तासाने पाठवलेल्या फोटोतही वाटीचं बूड कोरडं होतं. सोबत तक्रारही होतीच: "वहिनी, फार कडू आहे हो हे." तिने वरचा फेस तसाच चमच्याने खाल्ला होता. ढवळून प्यायचं असतं, हे सांगायचं राहून गेलं होतं.